पाणकोंबडी आणि मफलरी

‘एका बाकाचा एकच फोटो.’ देवरे सरांनी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि खडू खाली ठेवला. नववी ब मध्ये तीस बाक, म्हणजे तीस फोटो. मागच्या भिंतीवरच्या बोर्डावर त्याहून जास्त मावत नाहीत, हे सरांचं गणित. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन, त्या दिवशी सगळ्या वर्गाने मतं टाकायची. फोटो नांदूर मध्यमेश्वरच्या सहलीतलाच हवा, आणि स्वतः काढलेला.

नियम साधा होता. पण तिसऱ्या बाकावर ईश्वरी आणि मुक्ता बसायच्या आणि दोघींकडे एकेक फोटो होता.

ईश्वरीचा फोटो पाहून आधी कुणीही ‘आईशप्पथ’ म्हणायचं. जांभळी पाणकोंबडी. निळ्या-जांभळ्या अंगावर ऊन पडलेलं, लालभडक चोच, आणि एका पायाच्या लांबच लांब बोटांत पाणवनस्पतीचा देठ धरून ती तो खात होती. अगदी आपण ऊस धरतो तसा! देठावरचा पाण्याचा थेंबसुद्धा दिसत होता. गाईडकाकांच्या स्कोपच्या भिंगाला मोबाइल टेकवून काढलेला फोटो, त्यामुळे चारही कोपरे काळे आले होते. पण त्यानं उलट चित्र चौकटीत बसवल्यासारखं वाटत होतं.

मुक्ताच्या फोटोत एकही पक्षी नव्हता.

त्यात सगळा वर्ग होता. पाण्याच्या काठावर स्कोपसमोर लागलेली रांग, कानाला मफलरी, नाकातून वाफा. कुणी टाचा उंचावलेल्या, कुणी उगाच एक डोळा मिटून बघण्याचा सराव करतंय. बाईंनी स्वेटरवर शाल आणि शालीवर आणखी एक शाल घेतलेली. आणि मधोमध ओंकार, दुर्बीण उलटी धरून, तोंड उघडं टाकून, मोठ्या तन्मयतेने लांबवर काहीतरी बघत असलेला. हिवाळ्यात निफाडचं तापमान पेपरात छापून येतं ते काही उगाच नाही, हे त्या फोटोकडे बघूनच कळत होतं.

“ह्यात पाणथळ कुठंय?” ईश्वरीने विचारलं. “मला तर मफलरींचं दुकान दिसतंय.”

“आणि तुझ्यात सहल कुठंय? असली पाणकोंबडी गुगलवर पोत्यानं मिळेल.”

“पोत्यानं? मी बारा वेळा ट्राय केलाय गं! बोटं बधिर झाली होती. श्वास रोखून उभी होते.”

“रोख ना. मी कुठं नाही म्हणतेय?”

पाचवीपासून दोघी एका बाकावर. त्यामुळे कुठं बोललं की लागतं, हे दोघींना तोंडपाठ होतं. ईश्वरी म्हणाली की मुक्ताला मुळात मेहनतच नको असते, उभं राहिलं, दाबलं, झालं. मुक्ता म्हणाली की ईश्वरीला बक्षीस दिसलं की बाकी काही दिसत नाही, चित्रकलेच्या वेळीही तेच. चित्रकलेचं प्रकरण सहावीतलं. ते निघालं म्हणजे भांडण फोटोचं राहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी डबे वेगवेगळे खाल्ले. मुक्ताच्या डब्यात मेथीचे पराठे होते, ईश्वरीला आवडतात म्हणून आईने दोन जास्तीचे दिलेले. ते ओंकारला मिळाले. मागच्या बाकावर बसून तो दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवायचा, आणि पोचवताना त्यात स्वतःची थोडी भर घालायचा. काड्या सारण्यात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नाही.

“ती म्हणती, तुझा फोटो व्हॉट्सअॅपच्या गुड मॉर्निंगसारखाय.”

“असं म्हणाली ती?”

“म्हणजे, तिला तसं म्हणायचं होतं.”

शेवटी ईश्वरी सरांकडे गेली. सरांनी दोन्ही फोटो पाहिले, चष्मा वर केला आणि भलतंच बोलायला लागले. तिथं गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली. गाळ म्हणजे धरणाचं नुकसान, पण पक्ष्यांची चंगळ झाली. २०२० साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला, महाराष्ट्रात पहिला. हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “बाक तुमचा, निर्णय तुमचा. शनिवारी आठ बाय बाराची प्रिंट माझ्या टेबलावर पाहिजे.” मास्तर लोकांना हे छान जमतं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघी अशोकस्तंभाजवळच्या एका फोटो स्टुडिओत गेल्या. निर्णय झाला होता म्हणून नव्हे. एकटीला पाठवलं तर ती स्वतःचाच फोटो छापून आणणार, याची दोघींना खात्री होती. साठ रुपयांतले तीस-तीस दोघींनी वेगळे आणले होते.

स्टुडिओत गर्दी होती. पासपोर्टवाले दोघे कोट घालून बसलेले, एका बाळाचा पहिला फोटो चाललेला आणि बाळ काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. काउंटरवरच्या काकांनी दोन्ही मोबाइलमधून फोटो घेतले आणि मोठ्या स्क्रीनवर उघडले.

आधी पाणकोंबडी. “वा!” काका म्हणाले. ईश्वरीने मुक्ताकडे पाहिलं नाही, पण पाहिलं नाही हे मुक्ताला दिसेल इतपत मान वळवली.

मग मफलरी. काकांनी फोटो मोठा केला आणि ओंकारपाशी येऊन खो खो हसले. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर न दिसलेलं बरंच काही आता दिसत होतं. बाईंच्या शालीवरचा किमतीचा कागद. मागे चिखलात रुतलेली कुणाची तरी एक चप्पल. काका उजवीकडे सरकले. तिथं कडेला स्कोप होता, स्कोपवर वाकलेले गाईडकाका होते, भिंगाला टेकवलेला मोबाइल होता, गुलाबी कव्हरचा. तो गाईडकाकांच्या हातात होता, अंगठा बटणावर. आणि शेजारी ईश्वरी उभी होती, खांदे कानापर्यंत चढवून, दोन्ही हात जर्किनच्या खिशात.

कव्हर ईश्वरीचं होतं. तेच कव्हर आत्ता काउंटरवर पडलं होतं.

कुणीच काही बोललं नाही. बाळ रडायला लागलं.

“ही कडेची मुलगी अर्धीच आलीय,” काका म्हणाले. “एवढी पट्टी उडवू का? फोटो बरा दिसेल.”

“उडवा,” मुक्ता चटकन म्हणाली.

“नको,” ईश्वरी म्हणाली.

“अगं, उगाच जागा खातेय ती पट्टी.”

“जागा नाही. माझे हात दिसताहेत म्हणून म्हणतेयस तू.”

मुक्ताने काउंटरच्या काचेखालचे जुने लग्नाचे फोटो बघायला सुरुवात केली. तीन दिवस जिला हरवायचं म्हणून जीव टाकला, तिला अशी पकडलेली बघून मजा वाटायला हवी होती. वाटलीही, क्षणभर. मग मात्र तो फोटो लवकर स्क्रीनवरून जावा असं तिला झालं.

“बारा वेळा म्हणाली होतीस,” ती हळूच म्हणाली.

“बारा वेळा मीच काढले! हे बघ.” ईश्वरीने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. एकामागून एक फोटो सरकायला लागले. निळा फराटा. काळा गोल. नुसतं पाणी. पाणकोंबडीची शेपटी. पुन्हा निळा फराटा, या वेळी तिरका. “थंडीनं हात हलत होते. मग काका म्हणाले, आण बेटा इकडं, ती उडून जाईल. आणि ह्यांनी एका झटक्यात काढला. पण कुठल्या कोंबडीचा काढायचा ते मी सांगितलं होतं हां!”

“भयंकर आहेत गं हे,” मुक्ता म्हणाली. तिने खूप प्रयत्न केला, पण चौथ्या फराट्याला तिला हसू आवरलंच नाही. मग ईश्वरीलाही आवरलं नाही.

“ताई, काय छापायचं ते सांगा,” काका म्हणाले. “पासपोर्टवाले थांबलेत.”

“हा,” ईश्वरीने मफलरींकडे बोट केलं. “आहे असाच. काही कापायचं नाही.”

“सगळ्या वर्गाला कळेल,” मुक्ता म्हणाली.

“कळू दे. कुणी विचारलं तर सांगेन. फक्त ते डावीकडचं कोपर तेवढं काढा काका.”

“कोपर कशाला? ते ओंकारचं आहे. ते गेलं तर दुर्बीण हवेत तरंगेल!”

“मग ब्राइटनेस वाढवा.”

“काही नको. सकाळचे साडेसात वाजले होते, ते तसंच दिसायला पाहिजे.”

काकांनी दोघींकडे एकदा पाहिलं आणि कुणालाच न विचारता प्रिंट मारली. बाहेर आल्यावर मुक्ताने भेळभत्ता घेतला. पैसे ईश्वरीने दिले. प्रिंट कुणी धरायची यावरून रविवार कारंजापर्यंत पुन्हा थोडं झालं. धरणाऱ्याचे हात तेलकट नकोत, एवढाच मुद्दा होता.

२ फेब्रुवारीला मतदान झालं. ईश्वरीच्या खिशातल्या हातांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण ओंकारने सकाळपासून स्वतःचाच फोटो असल्यासारखा प्रचार चालवला होता. “काय भो, आपल्याला टाकलं ना?” असं तो बाकाबाकाला विचारत फिरला. दुर्बीण मुद्दाम उलटी धरली होती, हेही त्याने सगळ्यांना पटवलं. निवडून तोच आला म्हणायला हरकत नाही. मफलरींना सर्वांत जास्त मतं पडली.

बक्षीस म्हणून सरांनी पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक दिलं. बाकाला एक. ईश्वरीने ते आधी उचललं, पानं फरफर उलटून जांभळी पाणकोंबडी काढली, आणि पुस्तक दप्तरात टाकायला लागली.

“ए, आधी मी नेणार,” मुक्ता म्हणाली. “फोटो माझा आहे.”

“हात माझे आहेत त्यात.”

“खिशात.”