शुद्धिपत्रक

रविवारी पेपर होता आणि गुरुवारी रात्री साडेनऊला उज्ज्वला स्वतःच काढलेल्या प्रश्नावर अडली.

संयुक्त पूर्वचे हे सराव संच तिनेच काढलेले. दुरेघी वहीत, प्रत्येकी 50 प्रश्न, आणि वहीच्या शेवटच्या पानांवर हिरव्या शाईत उत्तरतालिका. उजळणी म्हणून ती बुद्धिमत्तेचे जुने प्रश्न घड्याळ लावून पुन्हा सोडवत होती. संच 4, प्रश्न 37. 1 मे 1960 रोजी कोणता वार होता? तिचं उत्तर आलं रविवार. तालिकेत होतं शनिवार.

घाई झाली असेल, म्हणून तिने पुन्हा मोजलं. 1600 पर्यंतचे जादा दिवस शून्य. पुढच्या तीनशे वर्षांचा एक. 1901 ते 1959 ही 59 वर्षं, त्यात 14 लीप, बेरीज 73, सातने भागून बाकी तीन. झाले चार. मग जानेवारीचे तीन, फेब्रुवारीचा एक, मार्चचे तीन, एप्रिलचे दोन आणि मेचा एक. दहा, म्हणजे पुन्हा तीन. चार आणि तीन सात. बाकी शून्य. शून्य म्हणजे रविवार.

तिसऱ्यांदाही रविवारच.

तरीही तिला आधी स्वतःचाच संशय आला. तालिकेचा नाही. तीन दिवसांवर पेपर, जेवणाच्या डब्यातली वांग्याची भाजी अर्धी तशीच परत पाठवलेली, डोकं जड. सोप्या ठिकाणी आपण चुकायला लागलोय आणि ते नेमकं आत्ता, असं वाटून तिच्या पोटात गोळा आला. समोरच्या डेस्कवरची मुलगी पंचायत राजच्या नोट्स ओठांतल्या ओठांत घोळवत होती. सदाशिव पेठेतल्या या अभ्यासिकेत बोलायला बंदी, पण ओठ हलवायला नाही.

शेवटी ती वही घेऊन जिन्यात आली. चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून मोबाईलमधलं कॅलेंडर मागे सरकवत, सरकवत 1960 पर्यंत नेलं. मे महिन्याची एक तारीख रविवारच्या खाली बसली होती.

मग कुठे तिने तालिकेच्या पानाच्या कडेला पाहिलं. तिथे पेन्सिलीने केलेलं कच्चं काम अजून पुसट दिसत होतं. जा 3, फे 0, मा 3.

फे 0.

1960 लीप वर्ष. चारने भाग जातो. हे ती झोपेतही सांगू शकली असती. मुळात लीप वर्षाचा सापळा लावायचा म्हणूनच तर तिने हे साल निवडलं होतं. सापळा लावला आणि त्यात पहिला पाय तिचाच अडकला.

इथवरच असतं तर तिने हिरव्या शाईवर काट मारून पुढचा प्रश्न घेतला असता. पण तालिकेच्या खालीच त्या दिवसाचा निकाल लिहिलेला होता. दर रविवारी सकाळी सात जणी संच सोडवायच्या, उज्ज्वला तपासायची. आयोगासारखंच, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. जी शेवटची येईल तिने सगळ्यांना चहा पाजायचा.

प्राजक्ता 22.25.
माधुरी 21.50. पुढे कंसात 'चहा'.

आणि तिला ती सकाळ आठवली.

माधुरीने रविवार लिहिला होता. उज्ज्वलाने काट मारली तेव्हा ती नेहमीसारखी मान हलवून गप्प बसली नाही. "ताई, रविवारच असतो ओ. आमचे आजोबा त्याच दिवशीचे. आइतवारी झाले म्हणून आयतू नाव ठेवलं त्यांचं. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चावडीवर झेंडा लावलता, गूळ वाटलता, असं पणजी सांगायची."

सगळ्या हसल्या होत्या. उज्ज्वलाही. "अगं, त्या पिढीत सगळे 1 जूनला जन्मलेत. मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. तुझ्या आजोबांनाच बरी 1 मे मिळाली?"

"शाळेत 1 जूनच हाय त्यांची. पण खरी 1 मे."

"बरं. पण आयोग काही तुझ्या आजोबांना विचारून तालिका काढत नाही."

यावर जास्तच हशा झाला. कोणीतरी टाळीसुद्धा दिली. त्या वाक्याचा उज्ज्वलाला तेव्हा थोडा अभिमान वाटला होता, हेही तिला आता आठवलं, आणि जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली तिचे कान तापले. माधुरीची आकडेमोड बघायचीसुद्धा तसदी तिने घेतली नव्हती. उत्तरपत्रिकेच्या मागे ती होती का नव्हती, कोण जाणे.

आता तिने हिशोब केला. बरोबर उत्तराचा एक गुण आणि वजा केलेला पाव, म्हणजे माधुरीचे सव्वा गुण गेले होते. तिचे व्हायला हवे होते 22.75. प्राजक्ताने शनिवार लिहून फुकटचा गुण मिळवला होता. तिचे उतरून 21 व्हायचे. चहा प्राजक्ताकडे लागत होता. आठ कप, आणि त्या दिवशी सगळ्यांना क्रीमरोलही खायचे होते. माधुरीने दोनदा पाकीट उघडून पाहिलं होतं, मग पिशवीच्या आतल्या कप्प्यातून पैसे काढले होते.

दोन महिन्यांनी तिने कॉट सोडली. गावी अभ्यास करते म्हणाली. किनवटकडची मुलगी, पुण्यातला कॉट, मेस, अभ्यासिका हे तीन खर्च घरून झेपेनात. त्याचा प्रश्न 37 शी काही संबंध नव्हता. हे उज्ज्वलाने स्वतःला नीट समजावलं.

खरं तर तालिकेशी भांडायला उज्ज्वलाला कोणी शिकवायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेतल्या एका उत्तरावर तिने हरकत घेतली होती. पाठ्यपुस्तकाचं पान जोडलं, पानावर ओळ अधोरेखित केली, आणि दुसऱ्या तालिकेत उत्तर बदलून आलं. ते ती अजून सगळ्यांना सांगायची. पुरावा द्या, आयोगसुद्धा ऐकतो. तिच्या तालिकेवर मात्र हरकत आली होती ती एका पणजीच्या आठवणीची, आणि तिने ती हसून निकालात काढली होती. मुदत नाही, पहिली तालिका नाही, दुसरी नाही. हिरवी शाई एकदाच.

दहा वाजत आले होते. सोमवारपर्यंत थांबावं का? पेपरच्या तोंडावर कोणाला कशाला गोंधळात टाकायचं. पण संचाच्या झेरॉक्स सात जणींपुरत्या राहिल्या नव्हत्या. कोणाच्या बहिणीकडे, कोणाच्या गावच्या ग्रुपवर, फोटो काढून पुढे गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तर मागे एकदा तिलाच विचारलं होतं, "ताई, हा संच पाहिजे का, चांगलाय."

तिने तिथेच पायरीवर बसून ग्रुपवर लिहिलं.

"शुद्धिपत्रक. संच 4, प्र. 37. तालिकेतील उत्तर शनिवार हे चुकीचे आहे. योग्य उत्तर रविवार. 1960 लीप वर्ष असूनही फेब्रुवारीचा जादा दिवस मी धरला नव्हता. चूक माझी. सुधारित निकालात माधुरी 22.75, प्राजक्ता 21. ज्यांनी संच पुढे दिला असेल त्यांनी हेही पुढे द्यावे."

प्राजक्ताचं उत्तर लगेच आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चार चेहरे, आणि खाली, "म्हणजे चहा माझ्यावर??" मग आणखी एक, "ताई झोप आता."

माधुरीने मेसेज पाहिला नव्हता. तिच्याकडे नेट कधी असतं कधी नसतं. उज्ज्वलाने फोन लावला. चार वेळा वाजला.

"ताई? काय झालं? हॉलतिकिटाचं काही हाय का?"

"नाही गं. तुझं सेंटर कुठलं आलंय?"

"नांदेड. शनिवारीच जायलोय, मावशीकडं मुक्काम."

उज्ज्वलाने एका दमात सांगून टाकलं. संच चार, सदतीस, फेब्रुवारी, सव्वा गुण, चहा. आजोबांचंही सांगितलं. "मी हसायला नको होतं. आणि पैसे मी पाठवते."

पलीकडे जरा वेळ शांतता. मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"पैशाचं राहू द्या हो," माधुरी म्हणाली. "रविवार बरोबर होता होय? आजोबांला सांगते उद्या. लई खूश होतील." मग आवाज खाली आला. "मी मोजूनच लिवलतं ताई तवा. आजोबांचं नंतर आठवलं. पण तुम्ही चूक म्हणल्यावर मला वाटलं, माझी रीतच चुकायली. तवापासून वाराचे प्रश्न मी सोडूनच द्यायले. पाव गुण तर वाचतो म्हणून."

उज्ज्वलाला काय बोलावं कळेना. सव्वा गुणांचा हिशोब तिने मघाशी दोन दशांश स्थळांपर्यंत नीट मांडला होता. हा त्यात कुठेच नव्हता.

"वही आहे जवळ?"

"आत्ता?"

"आत्ताच. तुझ्याच रीतीने कर, मला मोठ्याने सांगत. 17 सप्टेंबर 1948."

माधुरी हसली. "आमचा मुक्तिदिन दिलाव होय." मग पानांची सळसळ, पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज. "सोळाशेचे शून्य. तीनशेचा एक. पुढं सत्तेचाळीस वर्षं, लीप अकरा. अठ्ठावन्न. बाकी दोन. झाले तीन. जानेवारी तीन..." ती थांबली. "अठ्ठेचाळीस. चारनं जातो. फेब्रुवारीचा एक. मार्च तीन, एप्रिल दोन, मे तीन, जून दोन, जुलै तीन, ऑगस्ट तीन. वीस. वर सतरा. सदतीस, बाकी दोन. तीन आन दोन पाच." पुन्हा थांबून, जरा हळू, "शुक्रवार."

जिन्यातून दोन मुली वर गेल्या, चपला काढून. उज्ज्वला गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होती.

"ताई? चुकलं का?"

"थांब," उज्ज्वला म्हणाली. "मीही मोजतेय. फेब्रुवारीपर्यंत आलेय."