कायदेशीर नोटिसांची नोंदवही: सोमवार, १४ जुलै २०२५ची स्थिती

(चाकण प्रकल्प व पुणे कार्यालय. नोंदवही कंपनी सचिवांकडे. दर सोमवारी सकाळी अकराला आढावा.)

एकूण ९ नोटिसा उघड्या आहेत. त्यांतल्या आठांत मिळून मागणी ₹१,९९,००,१८०. नवव्या नोटिशीत रकमेचा उल्लेख नाही, पण तिला हलकी समजू नये.

"मिळाली" या रकान्यात गेटवर किंवा पोर्टलवर आली तो दिवस लिहिला आहे, टेबलावर पोचली तो नव्हे. मोजणी दुसऱ्या दिवसापासून. "कोणाकडे" या रकान्यात एकच नाव. मागच्या तिमाहीत "लेखा व खरेदी" असं लिहिलं होतं तेव्हा दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले.

| नोंद | मिळाली | दावेदार | मागणी (₹) | शेवटचा दिवस | कोणाकडे | स्थिती |
|---|---|---|---|---|---|---|
| ३६ | ८ जुलै | डिझाइन सॉफ्टवेअर कंपनी, वकिलामार्फत | ११,००,००० | १५ जुलै, मंगळ (त्यांनी दिलेली) | जोशी, आयटी | अंतरिम उत्तर आज |
| ३५ | १ जुलै | माजी कामगार, प्रेस शॉप: ग्रॅच्युइटी | १,६५,००० | १६ जुलै, बुध (त्यांनी दिलेली) | साळुंखे, एचआर | पैसे द्यायचे, वाद नाही |
| ३४ | ७ जुलै | कळंबोलीचा स्टील कॉइल व्यापारी: दिवाळखोरी संहिता कलम ८ | १,३८,६०,००० | १७ जुलै, गुरु (कायद्याची) | देशपांडे, वित्त प्रमुख | मसुदा वकिलांकडे |
| ३३ | ३ जुलै | वाहतूक ठेकेदार: चेक परत, कलम १३८ | ४,८६,००० | १८ जुलै, शुक्र (कायद्याची) | पवार, लेखा | आरटीजीएस १६ला |
| ३२ | २० जून | जीएसटी खाते: DRC-01, वर्ष २०२१-२२ | ७,४१,७३० अधिक व्याज | २० जुलै, रवि, आपल्यासाठी १८ | शेख, कर | कागद अर्धे |
| ३७ | ९ जुलै | भोसरीचा पावडर कोटिंग जॉबवर्कवाला (सूक्ष्म उद्योग) | ९,१२,४५० अधिक व्याज | २४ जुलै, गुरु (त्यांनी दिलेली) | गायकवाड, खरेदी | खाते जुळवणी सुरू |
| ३८ | १० जुलै | प्रदूषण नियंत्रण मंडळ: कारणे दाखवा | रक्कम नाही | २५ जुलै, शुक्र (नोटिशीत दिलेली) | कदम, प्रकल्प प्रमुख | नमुने प्रयोगशाळेत |
| ३९ | ११ जुलै | वाघोली गोदामाचे मालक: भाडेवाढ फरक | ३,६०,००० | २६ जुलै, शनि (त्यांनी दिलेली) | गायकवाड, खरेदी | करार शोधणे |
| ३१ | ३० जून | ग्राहक कंपनी: लाइन थांबल्याची भरपाई, लवादाची मागणी | २२,७५,००० | ३० जुलै, बुध | मेहता, विक्री | लवादाचं नाव ठरायचं |

नोंद ३४. या आठवड्यातली सर्वांत जोखमीची. दहा दिवसांत पैसे द्यायचे किंवा आधीपासूनचा वाद कागदासह दाखवायचा. दोन्ही नाही केलं तर ते एनसीएलटीत जाऊ शकतात, कारण मागणी एक कोटीच्या वर आहे. मुद्दल १,२१,४०,०००, व्याज १७,२०,००० (बिलाच्या तळाला १८ टक्के छापलेले, आपण कधी सही केलेली नाही). गंज लागलेल्या कॉइलची ४१,२०,०००ची डेबिट नोट आपण १९ मार्चला पाठवली आहे आणि त्यांचं "माणूस पाठवून बघतो" हे ईमेल आहे. म्हणजे वाद नोटिशीच्या आधीचा, आणि तेच महत्त्वाचं. उत्तराला जोडायचं: डेबिट नोट, ते ईमेल, गुणवत्ता विभागाचा रिजेक्शन अहवाल, गेटचा परतीचा चलान. चलान अजून सापडलेला नाही. देशपांडे, मंगळवारी दुपारपर्यंत स्टोअर्समधून काढून घ्या.
वाद नसलेलं मुद्दल ८०,२०,००० उरतं, म्हणजे एक कोटीच्या खाली. हा मुद्दा उत्तरात मांडायचा, पण त्यावरच भिस्त ठेवायची नाही, असं वकिलांचं मत. या ८० लाखांपैकी काही हप्ता आधी द्यायचा का, हे संचालक बुधवारी ठरवतील. उत्तर बुधवारी रजिस्टर एडीने आणि ईमेलनेही.

नोंद ३३. इथे "उत्तराची मुदत" हा शब्दच फसवा आहे. पंधरा दिवस पैसे देण्यासाठी आहेत, उत्तर देण्यासाठी नव्हेत. कितीही सुंदर उत्तर दिलं तरी १८ तारखेपर्यंत रक्कम पोचली नाही तर पुढच्या महिनाभरात फौजदारी तक्रार दाखल होऊ शकते, आणि त्यात सही करणाऱ्या संचालकाचंही नाव येतं. चेक कॅश क्रेडिट खात्यावरचा होता, त्या दिवशी लिमिट भरलेलं होतं. पवार, १६ला आरटीजीएस, यूटीआर नंबर नोटिशीच्या पत्त्यावर कळवा आणि पोच व "मागणी पूर्ण झाली" असं पत्र घ्या. ते आल्याशिवाय ही नोंद बंद होणार नाही.

नोंद ३२. नोटीस २० जूनला पोर्टलवर आली, आपल्याला १ जुलैला कळलं. नेहमीच्या नोटिसांच्या यादीत नव्हती, `View Additional Notices/Orders` मध्ये होती. त्यामुळे ११ दिवस गेले. यापुढे शेख दोन्ही जागा सोमवारी आणि गुरुवारी उघडून पाहतील, काही नसलं तरी इथे "पाहिलं" लिहितील.
कर ६,७४,३०० आणि दंड ६७,४३०, व्याज वेगळं. पुरवठादारांनी विवरण न भरल्यामुळे क्रेडिट जुळत नाही, हा आरोप. डिसेंबर २०२१पर्यंतचे ४,५५,९०० लढण्याजोगे आहेत: बिल, ई-वे बिल, बँकेतून दिलेले पैसे सगळं आहे. जानेवारी ते मार्च २०२२चे २,१८,४०० मात्र कमजोर, कारण १ जानेवारी २०२२पासून 2B मध्ये न दिसणारं क्रेडिट घेताच येत नाही. हा भाग व्याजासह ३० दिवसांत भरला तर त्यावर दंड लागत नाही, म्हणून शुक्रवारीच भरायचा आणि उरलेल्यावर DRC-06 द्यायचा. रविवारी पोर्टलच्या भरवशावर राहायचं नाही.

नोंद ३५. ११ वर्षं पूर्ण, शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता २६,०००. १५ भागिले २६ लावून वर्षाला १५,०००, म्हणजे मागणी बरोबर आहे. ३१ मेला नोकरी सोडली, ३० दिवस ३० जूनला संपले. आता दर दिवसाचं व्याज आपल्या माथी. पत्र गेटच्या इनवर्ड वहीत १ तारखेचं, इथे नोंद ७ तारखेची; ते सहा दिवस सुरक्षा केबिनच्या ड्रॉवरमध्ये होतं. साळुंखे, वकिलाला उत्तर लिहीत बसू नका, व्याजासह पैसे द्या आणि त्यांना फोनही करा. अकरा वर्षं काम केलेला माणूस आहे.

नोंद ३६. कुणीही कुठलंही सॉफ्टवेअर काढून टाकायचं नाही, वकिलाला फोनवर काही कबूल करायचं नाही. जोशी सर्व मशिनवरचे परवाने आणि खरेदीची बिलं जुळवत आहेत. टूलरूममधल्या दोन मशिनचं बिल मिळत नाही. सात दिवसांची मुदत त्यांनी स्वतः घातली आहे, तरी गप्प बसायचं नाही: "तपासणी चालू, ३१ जुलैपर्यंत कळवू" एवढं आज जाईल.

नोंद ३७. माल घेतल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे गेलेली सहा बिलं. सूक्ष्म उद्योग असल्याने व्याज बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. ६ जूनपासून बँक दर ५.७५, म्हणजे १७.२५ टक्के, त्याआधीच्या दिवसांना तेव्हाचा दर. परिषदेत प्रकरण गेलं आणि निवाडा विरुद्ध गेला, तर आव्हान द्यायलाच ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यापेक्षा गायकवाड, प्रत्यक्ष भोसरीला जाऊन खातं मिटवा. रेटच्या दोन बिलांचाच वाद आहे.

नोंद ३१. लवादाची मागणी आपल्या हातात आली त्या दिवशी, ३० जूनला, कार्यवाही सुरू झाली असं धरायचं. मेहता, खरेदी आदेशातलं लवादाचं कलम आणि ठिकाण (पुणे की चेन्नई?) उद्या द्या. लाइन थांबली त्या दिवशीची त्यांची आणि आपली नोंद जुळत नाही: ते सहा तास म्हणतात, आपल्या ड्रायव्हरची गेटपास वेळ पावणेतीन तास दाखवते.

नोंद ३८ व ३९: पुढच्या सोमवारी. कदम, प्रयोगशाळेचा अहवाल शुक्रवारपर्यंत आला नाही तर नोटिशीवर मुदतवाढीचं पत्र तयार ठेवा.

बंद झालेली. नोंद २९ (पॅकिंग पुरवठादार, ₹७४,०००): ११ जुलैला तडजोड, पत्र फाईलमध्ये.

पुढची नोंद ४०पासून.