ग्रुपवरच्या स्टिकरबद्दल – तिन्ही शिफ्टसाठी

नमस्कार मंडळी,

हा निरोप लांब आहे. गाडी लोड करता करता वाचू नका, चहाच्या सुट्टीत निवांत वाचा.

आपल्या डिस्पॅच ग्रुपवर आज 41 जण आहेत. कायम कामगार, कंत्राटी, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ऑफिसचे लोक, सगळे एकाच ठिकाणी. ग्रुपवर स्टिकर यावेत, हसावं, एकमेकांची खेचावी, याला माझी हरकत नाही. रात्री तीन वाजता डॉक नंबर 4 वर पावसात गाडी खाली करणाऱ्याला कोणी ‘चहा ठेवलाय’चा स्टिकर पाठवला तर त्याला बरं वाटतं, हे मला माहीत आहे. स्टिकर बंद करणार नाही. पण गेल्या काही आठवड्यांत काही स्टिकर माणसांवर आले आहेत, आणि ते थांबायला हवेत. कोणते ते इथे सांगत नाही. ज्यांच्यावर ते आले त्यांना 41 लोकांसमोर पुन्हा त्यातून जावं लागू नये. पाठवणाऱ्यांशी मी स्वतंत्र बोलले आहे.

घरच्या ग्रुपवर आणि इथे एक मोठा फरक आहे. घरच्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर वैताग आला तर माणूस ग्रुप म्यूट करतो, नाहीतर सोडून जातो. आपला ग्रुप सोडता येत नाही. शिफ्टची यादी, गाडी नंबर, गेट पास, रजेची मंजुरी सगळं इथेच येतं. म्हणजे ज्याच्यावर विनोद झाला त्याला तो दिवसातून दहा वेळा बघावाच लागतो. कंत्राटावर असलेल्या माणसाची अडचण तर आणखी मोठी. सुपरवायझरने टाकलेल्या स्टिकरवर तो ‘मला हे आवडलं नाही’ असं लिहील का? तो हसणारा इमोजी टाकेल आणि गप्प बसेल. म्हणून ‘त्याने स्वतःच तर हसून दाखवलं’ हे कारण मी धरणार नाही.

आता नेमकं काय नको ते सांगते.

सहकाऱ्याच्या फोटोचा स्टिकर त्याला विचारल्याशिवाय बनवायचा नाही. रात्रपाळीत डुलकी लागलेला, जेवताना तोंड उघडं असलेला, वाकून पॅलेट उचलणारा, असा कुठलाच नाही. होकार घ्यायचा तो तयार स्टिकर त्याला एकट्याला दाखवून. ‘तुझा एक बनवू का’ एवढं विचारून झालेला होकार पुरेसा नाही, कारण फोटोवर कोणती ओळ येणार आहे हे त्याला तेव्हा माहीत नसतं. पुढे त्याने ‘नको’ म्हटलं तर त्या दिवसापासून तो स्टिकर बंद. स्टिकरची खरी अडचण ही आहे की तो मूळ गप्पांपासून सुटतो. ज्या दिवशी बनला त्या दिवशी सगळ्यांना संदर्भ माहीत असतो. तीन महिन्यांनी तोच चेहरा वेगळ्याच विषयावर, वेगळ्याच ग्रुपवर फिरतो, आणि तेव्हा तिथे ती गंमत नसते, फक्त माणूस असतो.

अंगकाठी, रंग, उंची, टक्कल, वय, तोतरेपणा, ऐकू कमी येणं, चष्मा, यांवर काही नको. ‘आंधळा आहे का’, ‘बहिरा’, ‘वेडा’ असे शब्द असलेले तयार स्टिकर बाजारात ढिगाने मिळतात आणि चुकलेल्या स्कॅनवर सर्रास टाकले जातात. चुकीच्या स्कॅनवर ‘पुन्हा तपासा’ एवढं लिहिलं तरी काम होतं.

बोलीवरून आणि गावावरून चिडवणं नको. आपल्याकडे खेड-राजगुरुनगरचे आहेत तसे लातूर, वाशीम, कलबुर्गी, बिहार, ओडिशाचेही आहेत. वऱ्हाडी बोलण्याची नक्कल, हिंदी बोलणाऱ्याला ‘भैय्या’ म्हणून टाकलेला चेहरा, कानडी उच्चारांवरचा विनोद, हे पाठवणाऱ्याला आपुलकीचं वाटत असेल. ज्याची भाषा आहे त्याला ते रोज ऐकावं लागतं. जात, ‘कोटा’, धर्म, कोणाच्या डब्यात काय आहे, श्रावण कोण पाळतं आणि कोण नाही, हे विषय तर पूर्ण बंद. देवांची चित्रं आणि महापुरुषांचे चेहरे विनोदासाठी वापरायचे नाहीत. सणाच्या शुभेच्छा जरूर द्या, दिवाळीच्या तशाच ईदच्या आणि नाताळच्याही. निवडणूक असो वा नसो, नेते आणि पक्षचिन्हं या ग्रुपवर नकोत.

बायकांवरचे आणि नवरा-बायकोचे स्टिकर. ‘बायकोने मारलं’, ‘मुलींना गाडी येत नाही’, रजा मागणाऱ्याला ‘मर्द बन’, हे सगळं यात येतं. आपल्या फोर्कलिफ्टवर तीन बायका आहेत, त्यांनी ग्रुप उघडल्यावर पहिलं काय दिसावं याचा विचार करा. लैंगिक सूचक स्टिकरबद्दल मात्र विनंती नाही, स्पष्ट सूचना आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात बोलण्याइतकंच न बोलता केलेलं नकोसं लैंगिक वर्तनही येतं. असा स्टिकर त्यात बसू शकतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत आपल्या अंतर्गत समितीकडे लेखी करता येते. सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर वेळ नोंदवायच्या मशीनशेजारच्या फलकावर लावले आहेत.

टाकण्याआधी शंका आली तर एकच गोष्ट तपासा: या स्टिकरमध्ये हसू कशावर आहे? अडकलेला प्रिंटर, लाइट गेल्यावर थांबलेली लिफ्ट, सोमवारची सकाळ, तळेगाव-चाकण रस्त्यावरचं ट्रॅफिक, यांच्यावर असेल तर बिनधास्त टाका. एखाद्या माणसावर किंवा माणसांच्या गटावर असेल तर नको. आणि मराठी शब्दांच्या कोट्या टाकताना लक्षात ठेवा, ग्रुपवरच्या बऱ्याच जणांना मराठी पुरतं येत नाही. त्यांना सगळे हसताना दिसतात, कशावर हसतात ते कळत नाही, आणि मग वाटतं आपल्यावरच हसतायत. खाली एक ओळ हिंदीत लिहिली तर हा प्रश्न मिटतो.

कामाचा निरोप फक्त स्टिकरमधून द्यायचा नाही. ‘गाडी लागली’, ‘ओके’, ‘झालं’ असे स्टिकर छान दिसतात, पण स्टिकरवरची अक्षरं ग्रुपच्या शोधात सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी किती वाजता लागली हे शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. ज्यांना नीट दिसत नाही आणि जे फोनकडून वाचून घेतात, त्यांनाही स्टिकरवरचा मजकूर सहसा ऐकू येत नाही. आधी अक्षरात लिहा, मग हवा तर स्टिकर. भरभर लुकलुकणारे हलते स्टिकर टाळा. काहींना त्याने त्रास होतो.

शिफ्ट बदलताना, म्हणजे सकाळी 6 ते 7, दुपारी 2:30 ते 3:30 आणि रात्री 11 ते 12, ग्रुपवर एकही स्टिकर नको. या वेळात गाडी नंबर आणि ई-वे बिलाचे निरोप जातात. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस एवढीच बिलाची मुदत असते, आणि ती वाढवायची झाली तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांतच वाढवता येते. वीस स्टिकरखाली तो निरोप दबला की ड्रायव्हर नाक्यावर अडकतो. या वेळात दाद द्यायची असेल तर निरोपावर बोट दाबून धरा आणि इमोजीची प्रतिक्रिया द्या. तिची सूचना फक्त ज्याचा निरोप आहे त्याला जाते, आणि बाकीचे निरोप वर सरकत नाहीत.

चुकून काही गेलं तर घाबरू नका, लगेच काढा. स्टिकरवर बोट दाबून धरा, कचरापेटी निवडा, आणि Delete for everyone दाबा. घाईत Delete for me दाबलं जातं. मग तो स्टिकर फक्त तुमच्या फोनवरून जातो आणि 40 जणांकडे तसाच राहतो. साधारण दोन दिवस उलटले की स्वतःचा निरोप सगळ्यांकडून काढता येत नाही. तेव्हा मला सांगा, अॅडमिन म्हणून मी प्रयत्न करते. काढल्यावर एक ओळ लिहा: ‘चुकीचं होतं, काढलंय.’ लांब खुलासा नको, त्याने विषय उलट वाढतो. आणि हे लक्षात ठेवा की ज्याने स्टिकर आधीच आपल्या आवडत्यांमध्ये ठेवला, त्याच्याकडे तो ग्रुपवरून काढल्यावरही राहतो. म्हणून सहकाऱ्याचा चेहरा असलेले जे स्टिकर आज तुमच्याकडे आहेत, ते शनिवारी संध्याकाळी 6 पर्यंत तुमच्या स्टिकरच्या यादीतून काढा. ज्या फोटोवरून ते बनवले तो गॅलरीतूनही काढा. कोणाचेही फोन तपासणार नाही. हे मी तुमच्यावर सोडते आहे.

एखादा स्टिकर खटकला तर ग्रुपवर भांडू नका आणि त्याचा स्क्रीनशॉट दुसरीकडे पाठवू नका. मला खाजगीत फक्त ‘बघा’ एवढं लिहा. कारण द्यायची गरज नाही, आणि नाव बाहेर जाणार नाही. मी आधी तो काढायला सांगेन, मग पाठवणाऱ्याशी एकट्याशी बोलेन. त्याच माणसाकडून पुन्हा झालं तर विषय एचआरकडे जाईल. माझाच स्टिकर खटकला तर सरळ एचआरला सांगा. हाच नियम मलाही आहे.

आता चांगली गोष्ट. आपला स्वतःचा स्टिकर संच बनवू. एका संचात कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 30 स्टिकर बसतात. यात माणसं नकोत, आपल्या वस्तू हव्यात: पिवळी फोर्कलिफ्ट, चहाचा थर्मास, बारकोड स्कॅनर, गेटवरची मांजर, शिक्क्याने भरलेलं चलान. शब्द मराठी, हिंदी, कन्नड आणि ओडिया चारही भाषांत घेऊ. ओडिया आणि कन्नड ओळी त्या-त्या भाषेच्या लोकांनीच लिहून द्याव्यात, दुसऱ्याने टाइप केल्या की चुका राहतात.

बनवताना चौकोन 512 बाय 512 पिक्सेल हवा, पार्श्वभूमी पारदर्शक, आणि न हलणाऱ्या स्टिकरचा आकार 100 केबीच्या आत. चारी बाजूंना 16 पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. अक्षरांना पांढरी कड द्या, कारण काळी अक्षरं डार्क मोडमध्ये दिसतच नाहीत. तीन-चार शब्दांपेक्षा जास्त लिहू नका. काही अॅपमध्ये जोडाक्षरं तुटतात, ‘स्कॅन’चं ‘स् कॅन’ होतं. तसं झालं तर ओळ फोनच्या साध्या फोटो एडिटरमध्ये लिहून मग कापा.

फोटो आणि ओळी मला शुक्रवारपर्यंत खाजगीत पाठवा. पहिल्या शिफ्टमधून दोघे, दुसऱ्या आणि तिसऱ्यामधून प्रत्येकी दोघे, अशी सहा जणांची निवड समिती करते आहे. प्रत्येक शिफ्टमधून एक कंत्राटी सहकारी असायलाच हवा. नावं आज दुपारच्या चहापर्यंत द्या. सोमवारी पहिले 12 स्टिकर ग्रुपवर येतील.

मेघना
डिस्पॅच, चाकण