मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा आणि तोंडी वाटणी

विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, (2020) 9 एससीसी 1. सर्वोच्च न्यायालय, 11 ऑगस्ट 2020. न्या. अरुण मिश्रा, न्या. एस. अब्दुल नझीर, न्या. एम. आर. शाह.

शब्दांबद्दल आधी एक खुलासा. ‘कोपार्सनर’ हा शब्द इथे शेवटपर्यंत तसाच ठेवला आहे. ‘सहहिस्सेदार’ म्हटलं की आपल्याकडे सातबाऱ्यावरचा कुणीही हिस्सेदार डोळ्यांसमोर येतो, आणि या निकालाचा मुद्दाच निसटतो. डिक्रीला मात्र आपल्या कोर्टातला रुळलेला ‘हुकूमनामा’ हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न असा होता: हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 6 मधली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 रोजी लागू झाली. वडील त्याआधीच वारले असतील तर मुलगी कोपार्सनर होते का? प्रकाश विरुद्ध फुलवती (2016) या निकालाने ‘नाही’ म्हटलं होतं. तो निकाल आता रद्द झाला. कोपार्सनरचा हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही.

समजा, अमळनेर तालुक्यात 9 एकर वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन आहे. आई आधीच वारलेली, वडील 2001 मध्ये गेले. मागे दोन मुलगे आणि 1988 साली लग्न झालेली एक मुलगी. महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीने 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. म्हणून जुन्या हिशेबाने तिला वडिलांच्या काल्पनिक हिश्श्यातला वाटा, म्हणजे 1/9, एक एकर मिळे. आता ती भावांच्या बरोबरीने कोपार्सनर, म्हणून 1/3, तीन एकर. काल्पनिक वाटणी ही प्रत्यक्ष वाटणी नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री, मृत्युपत्र किंवा वाटणी या निकालाने मोडत नाही. पण ती वाटणी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी.

आपल्या भागात खरा वाद इथेच पेटतो. ‘आम्ही घरातच बांध घालून घेतले’ हा बचाव जवळजवळ प्रत्येक लेखी कैफियतीत असतो. केवळ तोंडी पुराव्यावर तो फेटाळावा, असं न्यायालय म्हणतं. अपवाद फक्त सार्वजनिक दस्तऐवजांनी भक्कमपणे सिद्ध झालेल्या वाटणीचा. बहिणीला न विचारता उरकलेल्या वाटण्यांचा अनुभव पाहता ही कडक भूमिका मला न्याय्य वाटते.

प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम हुकूमनामा होईपर्यंत हिस्से बदलता येतात. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वकील मित्रांनी कपाटातल्या जुन्या वाटपाच्या फाइली काढून अंतिम हुकूमनामा झाला आहे का, एवढं आधी पाहावं. झाला नसेल तर मुलीचा हिस्सा सुधारून मागण्याचा अर्ज त्याच दाव्यात देता येतो.