पाण्याच्या ताळेबंदाच्या अहवालातील माझ्या कामाबाबत

प्रति,
कार्यकारी संचालक

विषय : पारनेर तालुक्यातील पाणलोटाच्या ताळेबंदात कोणी कोणते काम केले, याची नोंद

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या बैठकीत आपल्या पारनेरच्या पाणलोटाचा ताळेबंद देणगीदारांपुढे चांगल्या रीतीने मांडला गेला, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यानंतर आलेल्या आपल्या ईमेलमध्ये या ताळेबंदाची पद्धत आणि आकडेमोड प्रकल्प समन्वयकांनी केल्याचा उल्लेख आहे, आणि अहवालाच्या आतील पानावरही तयार करणारे म्हणून त्यांचेच नाव आहे. सादरीकरण एकाच व्यक्तीने केल्यामुळे ऐकणाऱ्यांचा तसा समज होणे स्वाभाविक आहे. तरीही अहवालाची अंतिम प्रत 20 तारखेला जाणार असल्याने त्यापूर्वी वस्तुस्थिती आपल्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

मे आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कोणत्या 42 विहिरींची पातळी मोजायची, त्यांची निवड मी केली, मोजणी करणाऱ्या गावातील मुलामुलींना प्रशिक्षण दिले आणि आलेल्या नोंदी तपासल्या. पावसाळ्यात पातळी किती चढली, त्यावरून जमिनीत किती पाणी मुरले, हा सगळा हिशेब माझा आहे. खालच्या भागात मुरूम आणि भेगाळ खडक असल्याने 800 हेक्टर क्षेत्र, सरासरी 4 मीटर चढ आणि 2 टक्के विशिष्ट उत्पन्न धरून 640 टीसीएम पुनर्भरण निघाले. वरच्या वाड्यांमध्ये मात्र अखंड काळा पाषाण आहे. तेथील चढ 5 मीटर, म्हणजे खालच्यापेक्षा जास्त आहे, पण अशा खडकात पाणी साठायला जागाच थोडी असते, त्यामुळे तेवढ्या चढावरून पाणी जास्त आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. तेथेही 2 टक्केच धरले असते, तर 300 हेक्टरांवर 300 टीसीएम पाणी कागदावर दिसले असते, आणि त्या भरवशावर उन्हाळ कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीने मार्चमध्येच तळ गाठला असता. म्हणून मी त्या वाड्यांतील विहिरींवर उपसा चाचण्या घेऊन बरेच कमी प्रमाण धरले. परिशिष्ट 2 मध्ये ते स्वतंत्र दाखवले आहे.

बैठकीत नेमका याच फरकाविषयी प्रश्न आला आणि त्याचे उत्तर नंतर कळवू असे सांगितले गेले. त्या उत्तराची जबाबदारी माझी आहे. हे पत्र लिहिण्यामागचे मुख्य कारणही तेच आहे, कारण आकडा कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला हे माहीत नसेल, तर पुढे तो बदलण्याची वेळ आल्यावर कोणाला विचारायचे हेही कळणार नाही.

समन्वयकांचे काम मी अतिशय मोलाचे मानते. पिकांच्या पाहणीचा तक्ता, घरोघरी झालेली पाणीवापराची नोंद आणि ग्रामसभांमधील चर्चा हे सर्व त्यांचे काम आहे. ज्या शेतकऱ्यांना आपल्या विहिरीत कोणी टेप सोडावी हेच मान्य नव्हते, त्यांची संमती त्यांनी मिळवली नसती, तर माझ्या हाती मोजण्यासारखे काहीही आले नसते. या पत्राविषयी मी त्यांच्याशी शुक्रवारी बोलले आणि मसुदाही त्यांना दाखवला. पिकांच्या पाण्याच्या गरजेचे आकडेही त्यांनीच काढले होते, हे त्यांनी लक्षात आणून दिले. ते बरोबर असल्याने खालील मजकुरात घेतले आहे.

आतील पानावर पुढील मजकूर घ्यावा, अशी माझी विनंती आहे :

"भूजल मोजणीची आखणी, उपसा चाचण्या आणि पुनर्भरणाचा हिशेब : भूजलतज्ज्ञ. पीक पाहणी, पाण्याची गरज, पाणीवापराची नोंद आणि ग्रामसभा : प्रकल्प समन्वयक. विहिरींची मोजणी : गावातील स्वयंसेवक (नावे परिशिष्ट 4 मध्ये)."

पहिल्या दोन ठिकाणी पदांसोबत आमची नावे यावीत. स्वयंसेवकांची यादी मी तपासून सोबत जोडली आहे. मे महिन्याच्या उन्हात विहिरींच्या काठावर उभे राहून त्यांनी घेतलेल्या नोंदींवर हा सारा ताळेबंद उभा आहे आणि आजच्या मसुद्यात त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही, याची मला विशेष खंत वाटते.

पुढील टप्प्यातील गावांची पद्धत ठरवण्याच्या चर्चेत मलाही सहभागी करून घ्यावे, कारण तेथील खडकाची पाहणी झाल्याशिवाय पारनेरचे प्रमाण तेथे लावणे धोक्याचे ठरेल. वरच्या वाड्यांविषयीच्या प्रश्नाचे लेखी उत्तर मी तयार केले असून तेही सोबत आहे. आपण आणि समन्वयकांनी ते पाहिल्यावर देणगीदारांना पाठवता येईल. आपल्याला सोयीचे असल्यास गुरुवारी दुपारी आपण तिघे एकत्र बसू शकतो.

आपली विश्वासू,
भूजलतज्ज्ञ, पाणलोट कार्यक्रम

प्रत : प्रकल्प समन्वयक
सोबत : स्वयंसेवकांची यादी, प्रश्नाचे लेखी उत्तर