पऱ्हाटीचं मखर: गणपतीच्या आधीचा व्हिडिओ

(दृश्य: ओसरी. जमिनीवर बांबूच्या कमच्या, पऱ्हाटीच्या काड्या, सुतळीचे गुंडाळे. बाहेर पाऊस. बोलणारी बाई काम थांबवत नाही, मान वर करून बोलते.)

रामराम. आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बाया, बचत गटाच्या. हे जे तुम्हाले काड्या दिसून राहिल्या ना, ह्या पऱ्हाटीच्या हायेत. कापूस वेचून झाला की वावरात ज्या उभ्या राहतात त्याच. लोकं धुऱ्यावर जाळून टाकतात. आम्ही उन्हाळ्यातच निवडून आणतो, सरळ-सरळ पाहून. बोंडं सगळी तोडून घेतो, काहून का त्याच्यात अळी बसून राहते, ती घरी कोण आणते?

(जवळून: काडीची साल सोलली जाते, आतली पांढरी काडी दिसते.)

साल सोलली की अशी गोरी निघते. ह्याची जाळी, मागच्या बाजूनं. चौकट मात्र बांबूची. बांबू गावातल्या बुरडकाकांकडून. पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवतो, मग सावलीत वाळवतो. तसाच वापरला तर घुण लागते, पीठ गळते खाली. पहिल्या वर्षी आम्ही घाई केली होती, तीन मखरं परत आली. शिकलो त्याच्यातून.

(दृश्य: रंगाच्या वाट्या. गेरू, हळद, चुना.)

रंग हाच. गेरू, चुना, हळद. हळदीचा पिवळा उन्हात उडते, हे आधीच सांगून ठेवते, मग म्हणू नका. फुलं जुन्या सुती लुगड्याची. चिकटवाले मैद्याची खळ. खिळा एकबी नाही, सगळ्या गाठी.

(कॅमेऱ्यामागून शेजारच्या काकूंचा आवाज: "अन् किंमत किती म्हणतं व?")

दोन फूट उंच, दीड फूट रुंद, सातशे पन्नास.

(काकू: "बाप्पा! थर्मोकोलचं तर अडीचशेत येत होतं!")

येत होतं ना काकू. 2018 पासून बंदी हाये त्याच्यावर. अन् दहाव्या दिवशी नाल्यात फेकलं की त्याच्या गोळ्या पुढच्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत काठाले चिकटून राहात, पाह्यलं ना तुम्ही बी.

(पाटीवर खडूने हिशेब लिहिला जातो.)

आता हिशेब पाहा. बांबू 170. दोरी, सुतळी, कापड 110. रंग 30. मजुरी 360, दीड दिवसाची. निंदणाले गेली असती तरी बाई एवढेच आणते. गटाले 80. झाले साडेसातशे. कमी कराचं म्हटलं तर मजुरीतूनच होईन, अन् ते आम्ही करणार नाही.

(दृश्य: मखर उलगडते, पुन्हा मिटते.)

हे असं. मागची एक अन् बाजूच्या दोन चौकटी, वरची कमान वेगळी निघते. मिटलं की कपाटामागं उभं राहते. गणपती उठले की नवरात्रात घटामागं लावा, तुळशीच्या लग्नाले लावा, घरात बारसं असलं तर पाळण्यामागं. महालक्ष्म्यांसाठी मोठं पाहिजे असन तर आधी सांगा, ते साडेतीन फुटांचं, चौदाशे. दरवर्षी फक्त फुलं बदला, फुलांचा संच 90 ले.

आंब्याच्या पानांसारखं कापडी तोरण 120. सुतळीचं झुंबर 160. पळसाच्या पानांची फुलंबी हायेत, 40 ले डझन. दिसतात सुंदर, पण पाचव्या दिवशी तपकिरी होतात. मले ती तशीच आवडतात, तुमचं तुम्ही पाहा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काडी हाये, पेट घेते. समई हातभर दूर. अन् मखर ओलं झालं तर मिटवून ठेवू नका, आधी वाळू द्या, नाही तर बुरशी येते.

(दृश्य: ओसरीच्या टोकाला बांधलेल्या मखरांची थप्पी.)

राखीपर्यंत ज्यांनी सांगितलं त्यांचं पोळ्याआधी तयार. पोळा फुटला की चारच दिवस राहतात, तेव्हा धावत येऊन 'एक द्या ना' म्हटलं तर जे उरलं ते. अर्धे पैसे आधी. व्हिडिओच्या खाली व्हॉट्सअॅपचं बटन हाये, त्याच्यावर गणपतीची उंची सांगा, पाटासकट. नाही तर मंगळवारच्या बाजारात, बसथांब्याजवळ आमची चादर अंथरलेली असते. पाऊस असला तरी असते.

(शेवटचं दृश्य: परसबाग. एक जुनं, रंग उडालेलं मखर जमिनीत रोवलेलं, त्यावर दोडक्याचा वेल चढलेला.)

हे तीन वर्षांआधीचं, सासूबाईंचं. कमान मोडली तर त्यांनी वेलाले दिलं.

(सासूबाई, दोडका तोडत: "हे विकाचं नाही हो.")