रात्रीचे सव्वातीन, तेविसावा दिवस

ठकी आत्ता झोपली. खाली ठेवलं की टकटक डोळे उघडते, म्हणून मांडीवरच आहे आणि वही उशीवर टेकवून लिहितेय. उद्या माझं मलाच अक्षर लागणार नाही.

संध्याकाळी ह्याचा फोन आला, लोकलमधूनच. मी शी-शूचा हिशोब देत होते, तेवढ्यात त्याच्या मागून ‘पुढील स्टेशन डोंबिवली’ ऐकू आलं आणि मला रडूच फुटलं. त्याला वाटलं, त्याची आठवण आली. मीही तसंच वाटू दिलं. खरं तर मला आठवली 8.12. सहा वर्षं जिला शिव्या घातल्या ती! दारात कोपरं खात उभं राहायचं, केसांना दुसरीच्या गजऱ्याचा वास. पण तिथे कुणी विचारत नसे, ‘दूध पुरतंय ना गं?’

इथे सगळे विचारतात. मालिशवाल्या मावशींपासून भाजीवालीपर्यंत. आरशात बघितलं तर कानाला रुमाल, आईचा ढगळ गाऊन, अंगाला ओव्या-शेपांच्या धुरीचा वास. ही कोण बाई? डिंकाचा लाडूही आता औषधासारखा गिळते.

आणि तरी आज सकाळी न्हाऊ घातल्यावर आजीच्या जुन्या नऊवारीच्या दुपट्यात तिला गुंडाळलं, तर ती शिंकली. एवढीशी शिंक, आणि मग स्वतःच दचकली. तिच्या कानाच्या पाळीवर बारीक सोनेरी लव आहे, ती उन्हात दिसली. मी किती वेळ ती लवच बघत बसले. दुसऱ्यांनी बाळांचे फोटो पाठवले की दोन सेकंदांत पुढे ढकलणारी मी!

रात्री अकराला रडायला लागली ती साडेबारापर्यंत. पाजलं, ढेकर काढला, फेऱ्या मारल्या. शेवटी मनात आलं, कुणीतरी घेऊन जा हिला. (हो, आलं. लिहून ठेवते.) तेवढ्यात आई आली आणि खरंच घेऊन गेली, म्हणाली, "झोप तू." सगळी खोली माझी, पंखा माझा. पाच मिनिटांत मी उठून त्यांच्या मागे गेले.

आई अंधारात मांडी हलवत होती. मी म्हटलं, "आई, मला ऑफिसला जावंसं वाटतंय गं." वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "तू झालीस तेव्हा वर्षभर माझी पेटी उघडली नाही. उघडली तर उंदरांनी भाता कुरतडलेला." आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग मीही. टाके दुखेपर्यंत.

पेटी दुरुस्त केली का, ते विचारायचं राहिलं.

उचकी लागली हिला. घ्या, उठली.